व्हिजिटिंग कार्ड, ब्रोशर आणि सर्टिफिकेट: किती जीएसएम घ्यायचा, कुठलं फिनिश घ्यायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काउंटरवर जे प्रश्न रोज येतात तेच इथे घेतलेत. कागदाची नावं बाजारात जशी बोलली जातात तशीच लिहिलीयेत, त्यामुळे प्रिंटरकडे गेल्यावर हेच शब्द वापरलेत तरी चालेल.

जीएसएम म्हणजे नक्की काय? जास्त जीएसएम म्हणजे भारी कागद का?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. ए४ चे साधारण सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा झेरॉक्सचा एक ए४ कागद पाच ग्रॅमचा भरतो. हा आकडा तुम्हाला वजन सांगतो. जाडी सांगत नाही, ताठपणा सांगत नाही आणि क्वालिटी तर अजिबातच सांगत नाही. तरी लोक येतात ते थेट "साडेतीनशे जीएसएम द्या" म्हणत, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की साडेतीनशे म्हणजे बेस्ट, आणि कशासाठी पाहिजे ते विचारल्यावर कळतं की सर्टिफिकेट करायचंय आणि नावं घरच्या प्रिंटरवर टाकायचीत. तिथे साडेतीनशे प्रिंटरमध्ये जाणारच नाही.

दोन ठिकाणी ३०० जीएसएमचं कार्ड केलं, एक जाड आहे एक पातळ. पातळवाल्याने फसवलं का?

बहुतेक नाही. दोघांनी वेगळा कागद वापरलाय. आर्ट कार्डावर दोन्ही बाजूंनी खडूच्या जातीच्या पांढऱ्या पावडरचा थर असतो, तो वजनाला जड, आणि वरून कागद रोलरमधून दाबून गुळगुळीत केलेला असतो, म्हणजे वजन तेवढंच पण जाडी दबलेली. ३०० जीएसएमचं ग्लॉस आर्ट कार्ड साधारण २५० मायक्रॉनच्या आसपास असतं, म्हणजे पाव मिलिमीटर. तेच ३०० जीएसएमचा कोटिंग नसलेला कागद घेतला तर तो साडेतीनशे मायक्रॉनच्या पुढे जातो, आणि औषधाचे बॉक्स ज्याचे करतात ते बोर्ड आणखी फुगीर.

आता गंमत अशी की हाताला जो ताठपणा जाणवतो तो जाडीबरोबर सरळ हिशोबाने वाढत नाही, खूप जोरात वाढतो. एकाच प्रकारच्या कागदात जाडी १० टक्क्यांनी वाढली तर ताठपणा ३३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून २५० जीएसएमचं फुगीर बोर्ड ३०० च्या आर्ट कार्डापेक्षा कडक लागू शकतं. कुणी जाडीबद्दल बोलत असेल तर मायक्रॉन विचारा, नाहीतर सरळ कोरा तुकडा मागा आणि एका टोकाला धरून हलवून बघा.

मग ठरवायचं कशावरून?

माझं मत विचाराल तर जीएसएम सगळ्यात शेवटी. आधी हे ठरवा की छापून झाल्यावर त्या कागदाचं पुढे काय होणारे. त्यावर पेनाने लिहिणार का, शिक्का मारणार का, घडी पडणार का, पुन्हा प्रिंटरमधून जाणार का, खिशात घामात राहणार का. ह्यातून कोटिंग पाहिजे की नको ते ठरतं, लॅमिनेशन हवं की नको ते ठरतं, आणि मग राहिलेल्या दोन-तीन पर्यायांत जीएसएम निवडायला काही डोकं लागत नाही. उलटं गेलात, म्हणजे आधी जाड आणि चकचकीत ठरवलंत, की मग सही पसरते, घडी फुटते, प्रिंटर अडकतो आणि सगळे छापणाऱ्याच्या नावाने शंख करतात.

व्हिजिटिंग कार्डाला किती जीएसएम पाहिजे?

आर्ट कार्ड घेणार असाल तर ३०० आणि वर दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, एवढं नव्वद टक्के लोकांना पुरतं. २५० वर लॅमिनेशन केलं तरी चालतं पण हातात घेतल्यावर थोडं लेचंपेचं लागतं, अंगठ्याने दाबलं की वाकून परत येतं पण सावकाश. ३०० झटकन परत येतं. ३५० ला कार्डाची कड बोटाला जाणवते आणि टेबलावर टाकलं की आवाज वेगळा येतो, पण पाकिटात चार-पाच ठेवली की फुगतात.

लॅमिनेशन नको असेल आणि कोटिंग नसलेला किंवा टेक्श्चरवाला कागद पाहिजे असेल तर २७०-३०० पुरे, कारण तो आधीच फुगीर असतो. वकील, आर्किटेक्ट, सीए लोकांना हे जास्त आवडतं असं मी बघितलंय. हात कोरडा लागतो, थोडं खरखरीत, आणि मागे बॉलपेनने लिहिता येतं. तोटा एकच, डॉक्टर-एजंट लोकांनी हातोहात दिलेलं हे कार्ड दोन महिन्यांत कडेने मळतं.

ग्लॉस, मॅट, वेल्वेट ह्यात हाताला नेमका काय फरक लागतो?

तिन्ही प्लास्टिकच्या पातळ फिल्म आहेत, कागदावर गरम रोलरने चिकटवलेल्या. म्हणजे एकदा लॅमिनेशन केलं की तुमचं बोट कागदाला लागतच नाही, फिल्मला लागतं. त्यामुळे आतला कागद महागाचा टेक्श्चर घ्यायचा आणि वरून लॅमिनेशन मारायचं हा प्रकार निव्वळ पैसे पाण्यात.

ग्लॉस गार आणि निसरडं लागतं. दहा कार्डांचा गठ्ठा हातात धरला की सटकतो. फोटो, मिठाईचं दुकान, ट्रॅव्हल्स, जिथे रंग उठून दिसायला पाहिजेत तिथे ग्लॉसला तोड नाही, पण ट्यूबलाइटखाली फोन नंबर वाचायला कार्ड तिरकं करावं लागतं. बोटांचे ठसे दिसतात पण रुमालाने पुसले की जातात.

मॅट कोरडं लागतं, किंचित मेणचट. रंग एक पायरी शांत होतात, काळा थोडा राखाडीकडे जातो. वाचायला सगळ्यात सोपं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, गडद रंगावर साधं मॅट केलं की ओरखडे पांढरे दिसतात. पूर्ण काळं कार्ड मॅटमध्ये करून पाकिटात चाव्यांबरोबर ठेवलंत तर आठवड्यात त्याच्यावर रेघा रेघा. घ्यायच्या आधी नमुन्यावर नख घासून बघा, लगेच कळतं.

वेल्वेट म्हणजे ज्याला काही जण सॉफ्ट टच म्हणतात ते. हे सोनचाफ्याच्या पाकळीसारखं लागतं, थोडं मऊ, थोडं जाडसर, बोट सरकता सरकता किंचित अडतं. कार्ड हातात आलं की समोरचा माणूस नकळत अंगठा फिरवत बसतो, आणि त्यासाठीच लोक जास्तीचे पैसे देतात. ओरखड्यांना साध्या मॅटपेक्षा टिकतं, पण तेलकट बोटांचा डाग धरतं आणि तो पुसला तरी पूर्ण जात नाही. म्हणून हॉटेल, खानावळ, गॅरेज ह्यांनी वेल्वेटच्या नादी लागू नये, त्यांच्यासाठी ग्लॉसच बरं.

फिल्मवर बॉलपेन नीट चालत नाही, शाईपेन तर नाहीच. कार्डामागे अपॉइंटमेंटची वेळ लिहून देत असाल तर मागची बाजू लॅमिनेशनशिवाय पाहिजे, आणि मग पुढचा प्रश्न येतो.

एकाच बाजूला लॅमिनेशन केलं, पावसाळ्यात सगळी कार्डं वाकली. का?

कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, फिल्म फुगत नाही. एका बाजूला फिल्म असेल तर उघडी बाजू पसरते आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वाटीच्या आकारात वळतं. मुंबई, कोकण, गोव्याकडे जून-जुलैत हे हमखास होतं, छत्रपती संभाजीनगर-सोलापूरकडे कमी. छापणाऱ्याची चूक शोधायची तर एवढीच की त्याने आधी सांगायला हवं होतं. दोन्ही बाजूंना फिल्म असली की ओढ दोन्हीकडे सारखी राहते आणि कार्ड सपाट राहतं.

मागे लिहायचंच असेल तर फिल्मचा नाद सोडा. एका बाजूने कोटेड आणि मागून कोरं असं बोर्ड मिळतं, पुढे छपाईवर मशीनमध्येच पाण्याच्या बेसचं कोटिंग मारून घ्यायचं. हा थर फिल्मपेक्षा खूप पातळ असल्यामुळे वाकण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं. टिकाऊपणा फिल्मइतका नाही, पण लिहिता येतं. वाकलेली कार्डं उन्हात वाळवू नका, उलट दिशेला वळतात. गठ्ठा करून प्लॅस्टिकमध्ये बांधून जड वस्तूखाली ठेवा, बऱ्यापैकी सरळ होतात.

स्पॉट यूव्ही, फॉइल, एम्बॉस करावं का?

एकच करा. स्पॉट यूव्ही म्हणजे ठरावीक भागावरच मारलेला चकचकीत थर, फॉइल म्हणजे दाबून चिकटवलेला सोनेरी-चंदेरी पत्रा, एम्बॉस म्हणजे कागदच दाबून उठवणं. स्पॉट यूव्ही खाली मॅट किंवा वेल्वेट असेल तरच दिसतं, ग्लॉसवर केलं तर चकचकीतावर चकचकीत, काही कळत नाही. बारीक अक्षरांवर स्पॉट यूव्ही किंवा फॉइल दोन्ही नको, छपाई आणि यूव्ही एकमेकांवर केसभर सरकतातच आणि मग अक्षराला सावली दिसते. देवनागरीत तर वेलांट्या, रफार, जोडाक्षरांच्या आतल्या पोकळ्या फॉइलने भरून जातात, "क्ष" चा ठिपका होतो. लोगोवर करा, नावावर मोठं असेल तर करा. वेल्वेटवर फॉइल करायचं असेल तर आधी त्याच फिल्मवर ट्रायल मागा, काही फिल्मवर फॉइल नखाने निघून येतं.

ट्रायफोल्ड ब्रोशरला १३० घ्यावा की १७०?

वाटायचं असेल तर १३०, द्यायचं असेल तर १७०. म्हणजे कॉलेजबाहेर उभं राहून पोरांना वाटणार, पेपरात घालून टाकणार, तर १३० आर्ट पेपर भरपूर झाला. तो हातात मऊ लागतो, घडी सहज बसते, उघडला की उघडाच राहतो. १०० किंवा ९० पण येतो पण त्यात मागचं छापलेलं पुढे दिसायला लागतं, विशेषतः मागे गडद फोटो असेल आणि पुढे पांढऱ्यावर मजकूर असेल तेव्हा. समोर बसलेल्या ग्राहकाला हातात द्यायचं असेल, फ्लॅटचं बुकिंग, हॉस्पिटलचं पॅकेज असं काही, तर १७०. त्याला उघडताना थोडा करकर आवाज येतो, स्टँडमध्ये ठेवला तर मान टाकत नाही.

वजनाचा हिशोब पण करून ठेवा. ए४ चं ब्रोशर १३० मध्ये साधारण ८ ग्रॅम, १७० मध्ये साडेदहाच्या वर. दोन हजार प्रती म्हणजे १६ किलो विरुद्ध २१ किलो. कागद किलोवर विकला जातो त्यामुळे बिलात तो पाच किलोचा फरक दिसणारच, आणि पोस्टाने किंवा कुरियरने पाठवणार असाल तर पाकिटासकट एकदा तोलून मगच ठरवा.

घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते, त्याला काय करायचं?

ह्याची तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम असतात. पहिलं, १७० आणि त्यापुढचा कागद क्रीजिंग न करता नुसता हाताने किंवा मशीनवर दुमडलाय. क्रीजिंग म्हणजे घडीच्या जागी आधी एक खाच दाबून घेणं. खाचेच्या मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे, बरेच लोक खाच आत समजून उलटं दुमडतात आणि मग म्हणतात क्रीजिंग करूनही फुटलं.

दुसरं कारण कागदाची धार, म्हणजे तंतू ज्या दिशेने पडलेत ती दिशा. घडी तंतूंना समांतर असेल तर नीट पडते, आडवी असेल तर तंतू तुटतात आणि कड दातेरी होते. ओळखायचं कसं, तर त्याच कागदाचा चौकोनी तुकडा एकदा उभा एकदा आडवा हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी जोर लागतो घडी त्या बाजूला पाहिजे.

तिसरं म्हणजे डिझाइन. घडीच्या बरोबर रेषेवर गडद निळा किंवा मरून रंग भरून ठेवला तर थोडं फुटलं तरी दिसतं, डिजिटल छपाईत तर जास्तच, कारण टोनर कागदावर थर म्हणून बसतो, आत मुरत नाही. घडीच्या आजूबाजूला फिका रंग ठेवला तर तेवढंच फुटणं डोळ्याला दिसत नाही. हे डिझाइनरला आधीच सांगा, फुकटात काम होतं. आणि सांगताय तसं हे पण सांगा की आत जाणारा पॅनल दोन-तीन मिलिमीटर लहान ठेव, ए४ ला १००, १००, ९७ असं. तिन्ही ९९ ठेवले की आतला पॅनल घडीत अडकून फुगतो.

ब्रोशरला ग्लॉस आर्ट पेपर की मॅट आर्ट पेपर?

इथे लॅमिनेशन नाही बोलतोय, कागदच दोन प्रकारचा मिळतो. खाण्याचे पदार्थ, दागिने, साड्या, पर्यटन असे फोटो असतील तर ग्लॉस. मजकूर जास्त, तक्ते, फी, सिलॅबस असं असेल तर मॅट. मॅट हाताला किंचित पावडरी लागतो आणि दिसायला सोबर, पण त्यावर शाई वाळायला वेळ लागतो आणि गडद भाग घासला की शेजारच्या पांढऱ्या पानावर उमटतो. छापल्या दिवशी संध्याकाळी कटिंग करून द्या असा तगादा लावलात तर हे होणारच. गडद रंगाचं मॅट ब्रोशर असेल तर वरून वॉर्निश मारून घ्या, खर्च फार नसतो.

सर्टिफिकेटला कुठला कागद?

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण सर्टिफिकेट भारी दिसलं पाहिजे म्हणून ३०० चं चकचकीत आर्ट कार्ड घेतात. मग त्याच्यावर रबरी शिक्का मारला की शाई वाळतच नाही, गठ्ठा केला की वरच्या सर्टिफिकेटच्या पाठीवर शिक्का उलटा उमटतो. जेल पेनची सही बोटाने पुसली जाते. कोटिंगमुळे शाई आत मुरायला जागाच नसते.

सर्टिफिकेटला कोटिंग नसलेला कागद घ्या. एक्झिक्युटिव्ह बाँड १०० जीएसएम मिळतो, तो सहीला शिक्क्याला छान, हाताला कुरकुरीत, पण एकटा हातात धरला तर पत्र वाटतं, सर्टिफिकेट वाटत नाही. फ्रेममध्येच जाणार असेल तर तोही चालेल, काचेमागे जीएसएम कुणाला दिसतोय. हातात द्यायचं असेल, स्टेजवर फोटो काढायचे असतील तर १६० ते २२० च्या मधला, आयव्हरी किंवा हलका क्रीम. एका हाताने धरला तरी वरचा कोपरा लवत नाही एवढा ताठ पाहिजे.

क्रीम म्हणण्याला कारण आहे. एकदम पांढराशुभ्र दिसणाऱ्या कागदात ब्राइटनर घातलेला असतो, भिंतीवर उजेडात राहून त्याचा असर कमी होतो आणि कागद पिवळट पडल्याचं दिसतं. मुळातच क्रीम असलेला कागद बदलला तरी डोळ्यात येत नाही.

टेक्श्चर घेताना जपून. लिननसारखी बारीक जाळी दिसायला छान, पण खोल टेक्श्चर असेल तर लेसर प्रिंटरचा टोनर खळग्यात पोचत नाही आणि नावातली बारीक रेघ तुटक येते. विद्यार्थ्याचं नाव तुटक छापलंय म्हणजे तो जन्मभर तेच बघणार.

बॉर्डर छापून घेतो आणि नावं आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर टाकतो, चालेल का?

चालतं, क्लासवाले सगळे हेच करतात, पण बॉर्डर कशी छापलीय ते महत्त्वाचं. बॉर्डर डिजिटलवर म्हणजे टोनरने छापली असेल तर तुमच्या लेसर प्रिंटरच्या गरम रोलरमध्ये ती परत मऊ होऊ शकते, मग रोलरला चिकटते आणि पुढच्या पानावर बॉर्डरची पुसट सावली येते. बॉर्डर ऑफसेटवर, म्हणजे प्लेट करून शाईने छापतात त्या मशीनवर करा आणि नीट वाळू द्या, दोन-चार दिवस तरी, घाई केली तर शाई आणि शाई चिकटू नये म्हणून मारलेली पावडर तुमच्याच प्रिंटरमध्ये जाते. फॉइलची बॉर्डर असेल तर गरमीत फॉइल उचकटायची भीती असते. लॅमिनेट केलेला कागद लेसरमध्ये कधीच घालू नका, फिल्म वितळून रोलरला गुंडाळली तर नवीन रोलरचा खर्च सर्टिफिकेटांपेक्षा जास्त.

आणि प्रिंटरची मर्यादा बघा. ऑफिसच्या बऱ्याच छोट्या लेसर प्रिंटरना साधारण १६० जीएसएमच्या पुढचा कागद झेपत नाही, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मीडिया वेटखाली दिलेला असतो. मागचं झाकण उघडून कागद सरळ बाहेर काढायची सोय असेल तर ती वापरा, आतून वळसा घेऊन आलेला जाड कागद वाकडाच राहतो. सेटिंगमध्ये पेपर टाइप जाड करायला विसरू नका, नाहीतर टोनर नीट भाजला जात नाही आणि नाव नखाने खरवडून निघतं.

एक अख्खं उदाहरण सांगा ना, सगळं एकत्र कसं ठरवायचं?

कोल्हापूरकडच्या एका टॅली-जीएसटी क्लासचं घेऊ, असे क्लास गल्लोगल्ली आहेत त्यामुळे ओळखीचं वाटेल. मॅडमना कार्ड, बारावीच्या निकालानंतर वाटायला दोन हजार ब्रोशर आणि प्रत्येक बॅचला चाळीसेक सर्टिफिकेट पाहिजेत. येताना त्यांनी ठरवूनच आणलेलं असतं, "सगळं साडेतीनशे, वेल्वेट, सोनेरी." बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, कार्डामागे काही लिहून देता का?"

"हो तर, बॅचची वेळ लिहून देते, आणि फीचा हप्ता."

"मग वेल्वेटवर पेन चालणार नाही. आणि सर्टिफिकेटवर नावं कोण टाकणार?"

"आमचा प्रिंटर आहे की ऑफिसात. सही माझी, आणि गोल शिक्का."

एवढ्यावर सगळं ठरतं. कार्ड एका बाजूने कोटेड बोर्डावर, ३०० च्या आसपास, पुढे पाण्याच्या बेसचं कोटिंग, मागे कोरं. वेल्वेट गेलं. त्याच्या वाचलेल्या पैशात मागे फिक्या राखाडी रंगात "बॅच", "वेळ", "हप्ता" अशा तीन रेघा छापून घ्यायच्या, जागा आपोआप तयार. ब्रोशर ए४ ट्रायफोल्ड, १३० ग्लॉस नको कारण आत फीचा तक्ता आणि सिलॅबस, म्हणून १३० मॅट, गडद निळा फक्त बाहेरच्या पॅनलच्या मध्यावर, घडीच्या दोन्ही बाजूंना पांढरं. १३० ला क्रीजिंगची गरज नाही, मशीनची घडी पुरते, फक्त धारेची दिशा आधी सांगायची.

सर्टिफिकेट १६० चा क्रीम अनकोटेड, कारण त्यांच्या प्रिंटरचं मॅन्युअल फोनवर उघडून बघितलं तर मर्यादा १६३ होती. बॉर्डर ऑफसेटवर दोन रंगांत, पाचशे एकदम छापून ठेवायची, म्हणजे वर्षभराच्या बॅचना पुरेल आणि प्लेटचा खर्च एकदाच. सोनेरी पाहिजेच होतं, तर फॉइल न करता दातेरी कडेचं गोल सोनेरी स्टिकर घ्यायचं, नाव छापून झाल्यावर चिकटवायचं आणि त्याच्यावर हाताच्या दाबाचा सील मारायचा. क्लासचं नाव उठून येतं, बोट फिरवलं की लागतं, आणि प्रिंटरला काही धोका नाही. १६० वर हा सील नीट बसतो, ३०० च्या कार्डावर हाताच्या जोराने अक्षरं पुसटच उठली असती.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून द्यावं का?

नको. मुलाला पुढे कुठे अटेस्टेशन लागलं, मागे शिक्का मारायचा झाला, तर लॅमिनेशन आड येतं आणि काढता येत नाही, काढायला गेलं की छपाई पण निघते. त्यापेक्षा प्लॅस्टिकचं पारदर्शक फोल्डर द्या. पाण्याने खराब होऊ नये हीच काळजी असेल तर नॉन-टिअरेबल कागद मिळतो, फाटत नाही भिजत नाही, पण हाताला प्लास्टिकच लागतं आणि त्यावर साधा शिक्का वाळत नाही. शिवाय त्यातले सगळे प्रकार लेसरची गरमी सोसत नाहीत, विचारून घ्या.

दिलेला कागद खरंच तेवढ्या जीएसएमचा आहे का, कसं तपासायचं?

किचनचा डिजिटल काटा घ्या. साडेतीन बाय दोन इंचाची शंभर कार्डं, ३०० जीएसएम, लॅमिनेशनशिवाय, १३५ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. ९० बाय ५४ मिलिमीटरची असतील तर १४६. चार-पाच टक्के इकडेतिकडे होतं, त्यावरून भांडू नका. शंभर कार्डं ११५ भरली तर मात्र तो २५० चा कागद आहे.

दोन्ही बाजूंना फिल्म असेल तर तिचंच वजन तीस-पन्नास जीएसएमएवढं धरावं लागतं. त्यामुळे "साडेतीनशेचं कार्ड" म्हणजे कागद साडेतीनशेचा की लॅमिनेशन धरून साडेतीनशे, हे ऑर्डर देतानाच विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या.

स्क्रीनवर रंग एक दिसतो, कागदावर दुसराच, कागद बदलून फरक पडेल का?

पडतो, आणि खूप पडतो. कोटिंग नसलेल्या कागदात शाई मुरते आणि पसरते, म्हणून लाल थोडा विटकरी होतो, गडद निळा मळकट होतो. लोगो भडक रंगाचा असेल तर कार्ड आणि सर्टिफिकेट वेगवेगळ्या कागदावर एकसारखं दिसणार नाही हे आधीच मान्य करा, किंवा अनकोटेडसाठी रंग थोडा मोकळा करून घ्या. प्रूफ बघायचा तर त्याच कागदावर बघा. पीडीएफ व्हॉट्सॲपवर ओके करणं म्हणजे फक्त स्पेलिंग ओके करणं.

पुढच्या वेळी हुबेहूब तसंच मिळेल का?

मिळू शकतं, जर तुम्ही कागदाचं नाव, जीएसएम, फिल्मचा प्रकार आणि छपाई डिजिटल होती की ऑफसेट एवढं बिलावर लिहून घेतलं असेल तर. "मागच्यासारखंच" एवढं सांगून मिळत नाही, कारण दुकानात तेव्हा जो कागद होता तो आता संपलेला असतो. प्रत्येक लॉटमधली चार-पाच कार्डं आणि एक कोरं सर्टिफिकेट पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि पुढची ऑर्डर देताना ते घेऊनच जा.